न उतरणारा भार आणि लांबत जाणारा दांडा

धातूच्या एखाद्या भागातील प्रतिबल, म्हणजे त्याच्या छेदाच्या एकक क्षेत्रफळावर येणारे बल, एकदा यील्ड मर्यादेला पोचले की तो भाग बाद समजावा, ही समजूत अभियंत्यांमध्ये फार पक्की आहे. भार पुन्हा पुन्हा चढत-उतरत असेल तेव्हा ही समजूत दिशाभूल करते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. अशा वेळी सर्वोच्च प्रतिबल किती झाले यापेक्षा, भाराचा जो हिस्सा कधीच उतरत नाही तो किती आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. हूकचा नियम, प्रतिबल आणि विकृती यांचे नाते आणि यील्ड मर्यादा हे विषय श्रोत्यांना महाविद्यालयापासून परिचित असल्यामुळे त्यांची उजळणी येथे केलेली नाही. एवढेच गृहीत धरले आहे की विचाराधीन पोलाद यील्ड मर्यादेपर्यंत स्थितिस्थापक असते, म्हणजे भार काढल्यावर मूळ लांबीवर परतते, आणि त्या मर्यादेवर पूर्ण सुघट्य होते, म्हणजे प्रतिबल न वाढता हवे तेवढे लांबते, आणि ती लांबी परत मिळत नाही. यील्ड मर्यादा २५० मेगापास्कल आणि स्थितिस्थापकता गुणांक २ लाख मेगापास्कल धरला, तर एक मीटर लांबीचा दांडा १.२५ मिलिमीटर ताणल्यावर यील्डला पोचतो.

असा एकच दांडा दोन्ही टोकांना पकडून २ मिलिमीटर ताणला आणि पुन्हा मूळ लांबीवर आणला, तर काय घडते हे आधी पाहावे. ताणताना प्रतिबल २५० वर थांबते आणि ०.७५ मिलिमीटर कायमचे लांबणे होते. परत आणताना प्रतिबल ४०० मेगापास्कलने उतरून उणे १५० वर, म्हणजे दाबाच्या बाजूला, जाते. पुढच्या प्रत्येक फेरीत ते उणे १५० आणि अधिक २५० यांच्यामध्येच फिरते आणि दांड्यात नवे कायमचे लांबणे होत नाही. पहिल्या फेरीत यील्ड होऊन नंतर सर्व व्यवहार स्थितिस्थापक होण्याच्या या अवस्थेला शेकडाऊन म्हणतात. ताण ३ मिलिमीटर असेल तर परतीच्या वाटेवर, अडीच मिलिमीटर मागे आल्यावर, दांडा दाबातही यील्ड होतो, आणि प्रत्येक फेरीत ०.५ मिलिमीटर पुढे आणि तेवढेच मागे असे सुघट्य हेलकावे सुरू राहतात. येथे लांबी वाढत नाही, पण धातू आतून थकतो आणि थोड्याच फेऱ्यांत त्याला तडा जाऊ शकतो.

या दोन्ही प्रकारांत दांडा वाढत जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्याची लांबी बाहेरून ठरवून दिलेली आहे. याउलट तोच एकटा दांडा लटकत्या वजनाखाली असेल, तर त्याच्यापुढे शेकडाऊनचा मार्गच नसतो. प्रतिबल २५० च्या आत असेल तर तो स्थितिस्थापक राहतो आणि वजन त्या पलीकडे न्यायचे ठरवले तर तो तोल सांभाळू शकत नाही. लटकत्या वजनाखाली शेकडाऊन होण्यासाठी बाहेरील भार नसतानाही आतल्या आत समतोल राखणारे अवशिष्ट प्रतिबल साठवता आले पाहिजे, आणि त्यासाठी निदान दोन दांडे लागतात.

म्हणून या व्याख्यानाचे मुख्य उदाहरण दोन दांड्यांचे आहे. दोन्ही दांडे एकसारखे, एक मीटर लांब, छेद १०० चौरस मिलिमीटर, वर आणि खाली दोन ताठ पट्ट्यांना जोडलेले आणि खालची पट्टी सदैव समांतर राहील अशी बसवलेली. त्यांच्यावर ३० किलोन्यूटनचा भार कायम टांगलेला आहे. त्यामुळे थंड अवस्थेत प्रत्येकात १५० मेगापास्कल ताण असतो. उजवा दांडा वारंवार तापवला आणि थंड केला जातो, डावा मात्र थंडच राहतो. तापलेला उजवा दांडा वाढू पाहतो आणि पट्टीमार्फत डाव्याला ओढतो, त्यामुळे डाव्यातील ताण वाढतो आणि उजव्यातील तेवढाच कमी होतो. पोलादाचा प्रसरण गुणांक दर अंशाला दशलक्षात १२ धरला, तर तापमानातील प्रत्येक अंशामागे डाव्यात १.२ मेगापास्कल वाढ होते.

उजवा दांडा १२५ अंशांनी तापवला, तर स्थितिस्थापक हिशेबाने डाव्याचे प्रतिबल ३०० मेगापास्कल व्हायला हवे. ते शक्य नसल्यामुळे तो २५० वर थांबून ०.५ मिलिमीटर कायमचा लांबतो, आणि उरलेला भार पेलणाऱ्या उजव्यात ५० मेगापास्कल उरतात. थंड झाल्यावर मात्र परिस्थिती बदललेली असते. डावा आता थोडा लांब झाल्यामुळे त्याच्या वाट्याला १०० आणि उजव्याच्या वाट्याला २०० मेगापास्कल येतात, म्हणजे डाव्यात ५० चा दाब आणि उजव्यात ५० चा ताण अवशिष्ट म्हणून साठलेला असतो. दुसऱ्यांदा तापवल्यावर डावा बरोबर २५० पर्यंत जाऊन थांबतो आणि एक कणही जास्त लांबत नाही. पुस्तकी नियमाने ज्याला बाद ठरवले असते, तो जोड यानंतर कितीही फेऱ्यांना त्याच लांबीवर काम करत राहतो.

तापमान २०० अंशांनी वाढवले की चित्र पालटते. तापताना डावा पहिल्या वेळी १.४ मिलिमीटर कायमचा लांबतो, आणि थंड होताना उजव्याला ताणात २९० मेगापास्कल पेलावे लागले असते. ते शक्य नसल्यामुळे तोही यील्ड होऊन ०.४ मिलिमीटर लांबतो. पुढच्या तापण्यात पुन्हा डावा ०.४ लांबतो, पुढच्या थंडीत पुन्हा उजवा ०.४. दोघे आळीपाळीने भार एकमेकांच्या खांद्यावर देत पुढे सरकतात, आणि प्रत्येक फेरीत पट्टी ०.४ मिलिमीटर खाली येते. शंभर फेऱ्यांत हा जोड सुमारे ४ सेंटिमीटर लांबलेला असतो, तरीही कोणत्याही क्षणी कोणत्याही दांड्यातील प्रतिबल २५० च्या वर गेलेले नसते. यालाच रॅचेटिंग म्हणतात.

येथेच मूळ प्रतिपादन कसाला लागते. याच २०० अंशांच्या फेऱ्या ठेवून टांगलेला भार ३० ऐवजी २० किलोन्यूटन केला, तर हा जोड २५० अंशांपर्यंत शेकडाऊन पावतो आणि रॅचेटिंग पूर्णपणे थांबते. भार अजिबात काढला, तर तापमान कितीही वाढवले तरी लांबी फेरीगणिक पुढे सरकत नाही, फक्त ४१७ अंशांच्या पुढे मघाचे सुघट्य हेलकावे सुरू होतात. तापमानाची फेरी दांड्यांना आळीपाळीने यील्डच्या दारात नेते, पण कोणत्या बाजूला सरकायचे हे कायमचा भार ठरवतो. अपघाताच्या चौकशीत बोट नेहमी चढत्या-उतरत्या भाराकडे जाते, आणि स्वस्थ बसलेला भार निर्दोष सुटतो. ही चूक आहे आणि तिची किंमत मोठी असते.

फेऱ्या न मोजताही हा निकाल आधी सांगता येतो, हे या विषयातील सर्वांत सुंदर काम आहे, आणि त्यासाठी थोडा अधिक वेळ देणे भाग आहे. मार्टिन ग्रूनिंग यांनी १९२६ मध्ये आणि हान्स ब्लाइख यांनी १९३२ मध्ये पोलादी रचनांसाठी या प्रश्नाला तोंड फोडले, आणि व्हिएन्नाच्या एर्न्स्ट मेलान यांनी १९३० च्या दशकात त्याला प्रमेयाचे रूप दिले. प्रमेय असे, की काळानुसार न बदलणारे, स्वतःशी समतोल असलेले एखादे तरी अवशिष्ट प्रतिबल असे सापडले, की जे स्थितिस्थापक हिशेबात मिळवल्यावर कोठेही आणि कधीही यील्ड मर्यादा गाठत नाही, तर रचना शेकडाऊन पावतेच. वरच्या पहिल्या उदाहरणात स्थितिस्थापक हिशेबाने डावा १५० ते ३०० आणि उजवा ० ते १५० यांमध्ये फिरतो. डाव्यात ७५ चा दाब आणि उजव्यात ७५ चा ताण मिळवला की दोघेही ७५ ते २२५ मध्ये येतात, आणि काम झाले. प्रत्यक्षात तेथे साठलेले प्रतिबल ७५ नसून ५० होते, आणि तरी निष्कर्ष खरा ठरतो. कारण कल्पिलेले आणि खरे अवशिष्ट प्रतिबल यांतील फरकाची स्थितिस्थापक ऊर्जा प्रत्येक यील्डबरोबर घटते, येथे ७५ चे अंतर २५ वर आले, आणि ही ऊर्जा शून्याखाली जाऊ शकत नसल्यामुळे एकूण यील्डलाही मर्यादा पडते. दुसऱ्या उदाहरणात डाव्याला वाचवण्यासाठी निदान १४० चा दाब लागतो आणि तेवढाच ताण मिळवला की थंड उजवा २९० वर जातो. अशी जोडीच अस्तित्वात नाही, म्हणून शेकडाऊन नाही. हे प्रमेय वाढ किती होईल ते सांगत नाही, फक्त ती थांबेल एवढेच सांगते, हे मात्र विसरून चालत नाही.

या टप्प्यावर सभागृहातून शंका आली, की पूर्ण सुघट्य पोलाद कागदावरच असते, मग या हिशेबाचा उपयोग काय. शंका रास्त आहे, पण तिच्यामुळे प्रतिपादन ढासळत नाही. खरे पोलाद यील्डनंतर कठीण होत जाते, त्यामुळे त्याचे रॅचेटिंग बहुधा फेरीगणिक मंदावते, आणि उच्च तापमानाला यील्ड मर्यादा स्वतःच उतरते; म्हणून वरचे आकडे प्रत्यक्ष यंत्राचे आकडे नव्हेत. परंतु ज्या सोप्या प्रतिमानात काठिण्य विकृतीच्या प्रमाणात अमर्याद वाढत जाते, त्यात रॅचेटिंग शक्यच नसते. संगणकावर ते प्रतिमान निवडणाऱ्याला प्रत्येक रचना सुरक्षित दिसते. पूर्ण सुघट्य दांडा निदान धोका लपवत नाही.

नियोजित वेळ संपत आल्यामुळे ब्री यांच्या आकृतीची ओळख येथे थोडक्यातच करून देता येते. ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणातील जे. ब्री यांनी १९६७ मध्ये वेगवान अणुभट्टीच्या इंधन-नळीचा विचार केला. नळीत वायूचा दाब टिकून असतो आणि भट्टी चालू-बंद होताना भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या पृष्ठांतील तापमानाचा फरक येतो-जातो, म्हणजे वरचीच जोडी, फक्त दोन दांड्यांऐवजी भिंतीची अखंड जाडी. त्यांच्या आकृतीत दाबाचे प्रतिबल यील्डच्या निम्मे असेल तेव्हा तापमानाचे प्रतिबल यील्डच्या दुपटीपर्यंत चालते. दाबाचे प्रतिबल यील्डच्या तीन-चतुर्थांश झाले की ही मुभा यील्डएवढीच उरते.

प्रत्यक्ष चाचणीत ओळखण्याची रीत साधी आहे. प्रत्येक फेरीत त्याच क्षणी, म्हणजे समजा पूर्ण थंड झाल्यावर, लांबी मोजून लागोपाठच्या दोन मोजमापांतील फरक नोंदवावा. पहिल्या फेरीचा फरक नेहमीच मोठा असतो आणि त्यावरून काहीही ठरत नाही. वरच्या २०० अंशांच्या उदाहरणात तो ०.९ मिलिमीटर आहे, आणि दुसऱ्या फेरीपासून तो ०.४ वर स्थिरावतो. फरक शून्याकडे गेला तर शेकडाऊन, स्थिर राहिला तर रॅचेटिंग, आणि तो इतका हळू घटत असेल की निर्णय होत नाही, तर आणखी फेऱ्या चालवण्याआधी कायमचा भार थोडा कमी करून पाहावा: फरक तत्काळ कोसळला तर वाढीचे मूळ त्या भारातच होते.