भजनी मंडळाचे आभार



आज दुपारी दाव्यांसाठी जुन्या दंडाच्या पावत्या गोळा केल्या. कोणाची पावती पावसात भिजलेली, कोणाची उंदरानं कुरतडलेली. आता जमीन गेलीच, असं म्हणत माणसं उठायला लागली. तेवढ्यात भजनी मंडळानं टाळ-मृदंग धरला, अन् उठलेली माणसं परत बसली. भजन थांबलं तशी म्हातारी माणसं सांगू लागली, कोणाच्या बापानं कोणतं शेत कधीपासून कसलं. ते आम्ही लिहून अंगठे घेतले. वनहक्काच्या नियमात दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरतात.

शहाद्याकडचे अंबरसिंग सुरतवंतीही भजनं गात माणसं जोडायचे.

बुवा, तुमचे अन् मंडळाचे आभार. पुढच्या बैठकीला टाळ घेऊनच या.