माफीच्या पत्रातला ‘आम्ही’

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी हैदराबादजवळ मेडचलच्या बाजूला गोदामं सांभाळणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं काम केलं. माल ग्राहकाचा, माणसं आमची. आज मी बोलणार आहे ते एका पत्राबद्दल. चूक आपल्या माणसाची आहे, ग्राहक नाव मागतोय आणि नाव तर द्यायचं नाही. मग पत्रात लिहायचं काय?

घटना साधी होती. रात्री दोनच्या सुमारास दोन गाड्या भरून तयार होत्या, एक विजयवाड्याची, एक नागपूरची. माल बरोबर भरला होता, पण कागदांच्या फायलींची अदलाबदल झाली. ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो, त्यामुळे दोन्ही गाड्या चुकीच्या कागदांवर रस्त्याला लागल्या. साडेचारला ऑफिसकॉपी लावताना आमच्या सुपरवायझरच्या ते लक्षात आलं. दहा मिनिटांत त्याने मला फोन केला. ‘सर, माझ्या हातून झालंय,’ म्हणाला. नागपूरची गाडी आम्ही कामारेड्डीजवळ थांबवून तिथे योग्य कागद पोहोचवले. विजयवाड्याची मात्र सूर्यापेटच्या अलीकडे तपासणीत अडकली.

सकाळी ग्राहकाच्या मॅनेजरांचा पहिला प्रश्न होता, ‘कर्नलसाहेब, माणूस कोण?’

आमच्या ऑफिसातल्या एकाने पत्राचा मसुदा केला होता. त्यात होतं : ‘रात्रपाळीच्या सुपरवायझरकडून अनवधानाने चूक झाली असून संबंधितावर कारवाई करण्यात येत आहे.’ नाव कुठेच नाही. पण रात्रपाळीला सुपरवायझर एकच असतो! हुद्दा लिहिला की नाव लिहिल्यासारखंच. ‘संबंधितावर’ हा शब्दही बोटच दाखवतो. शिवाय सोबत जोडायला ड्यूटी-चार्ट काढून ठेवला होता. तो मी काढून घेतला.

दुसरं टोकही तितकंच वाईट. ‘काही त्रुटी राहून गेल्या, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ राहून गेल्या म्हणजे कोणाच्या? मराठीत ‘चूक झाली’ म्हटलं की कर्ता आपोआप गायब होतो, आणि चिडलेल्या ग्राहकाला ते बरोबर कळतं.

म्हणून मी माणूस किंवा हुद्दा न लिहिता पायरी लिहिली. ‘आम्ही चालकाच्या हाती फाईल देताना ई-वे बिलावरचा नंबर गाडीच्या नंबरप्लेटशी ताडून पाहिला नाही. त्यामुळे दोन गाड्यांचे कागद बदलले गेले. साडेचारला हे आमच्या लक्षात आलं, त्यानंतर आम्ही पुढील गोष्टी केल्या.’ खाली वेळेनुसार चार ओळी. मग खर्च : अडकलेल्या गाडीचं थांबण्याचं भाडं आणि दंड आम्ही भरू. मग बदल : गेटवरचा गार्ड नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचेल, चालक आपल्या फाईलमधले वाचेल, दोन्ही जुळल्यावरच दांडा वर जाईल. ‘आम्ही’ लिहायचं तर पुढे पैसे आणि काम दोन्ही लिहावं लागतं, नाहीतर तो ‘आम्ही’ पोकळ वाटतो.

१९७९मध्ये एसएलव्ही-३ कोसळलं तेव्हा सतीश धवन पत्रकारांसमोर स्वतः उभे राहिले, हा किस्सा सगळे सांगतात. खरा आहे. पण पत्रकार तुमच्या बिलातून पैसे कापत नाहीत, ग्राहक कापतो.

मॅनेजर भेटीतही नावावर अडून बसले. मी विचारलं, ‘नाव मिळाल्यावर तुम्ही काय कराल?’ म्हणाले, ‘त्याला आमच्या गोदामातून काढा म्हणेन.’ मी म्हटलं, ‘साहेब, आम्हाला साडेचारला कळलं, कारण ज्याच्याकडून झालं त्यानेच सांगितलं. त्याला काढलं, तर पुढच्या वेळी आपल्या दोघांनाही गाडी अडकल्यावरच कळेल.’ ते पटलं असं नाही म्हणणार, पण विषय तिथे थांबला.

आत मात्र आम्ही काही झाकलं नाही. पत्र जाण्याआधी मी सुपरवायझरला ते वाचून दाखवलं. त्याने लेखी जबाब दिला, तो त्याच्या फाईलला लागला आणि महिनाभर त्याची पाळी दिवसाची केली. तो दोन फायली एकाच टेबलावर ठेवून एकट्याने काम उरकत होता, हेही त्यातच कळलं. गेटवरचा बदल त्यावरूनच सुचला.

याला मर्यादा आहेत. चोरी असेल, कोणी ड्यूटीवर दारू प्यायला असेल, कोणाला इजा झाली असेल, तर पोलिसांना आणि चौकशीला नाव द्यायचंच. तिथे ‘आम्ही’ म्हणणं म्हणजे लपवणं. आणि तीच चूक तोच माणूस तिसऱ्यांदा करत असेल, तर त्याला तिथून आपणच हलवायचं. ग्राहकाने सांगेपर्यंत थांबायचं नाही.

त्या महिन्याचं बिल ग्राहकाने कापलंच. नाव त्यांना आठवड्याभरात हमालांकडून कळलं, गोदामात काही लपत नाही. पण त्यांनी ते आमच्यासमोर कधी उच्चारलं नाही, आणि सुपरवायझर त्याच गोदामात राहिला.