मागच्या रांगेतले चेहरे

लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे संघ स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या तयारीला लागले, की तालमीच्या हॉलमध्ये ढोलकीबरोबर मोबाइलही बाहेर निघतात. नाच संपला, की सगळ्याजणी एका फोनभोवती गोळा होतात आणि ज्यात हसू छान आलंय तो फोटो निवडतात. रांगा तपासायला मात्र हसू कामाचं नाही.

दोन फोटो ताडून पाहायचे, तर ते एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून आणि एकाच समेवर घेतलेले हवेत. परीक्षक जिथे बसणार, ती मधली खुर्ची ही फोटो घेण्याची जागा.

नऊजणींचं लोकनृत्य घेऊ. पुढे पाच, त्यांच्या चार फटींमागे चार. पुढच्या रांगेत दोघींमध्ये तीन फूट अंतर ठरलंय, म्हणजे रांग बारा फुटांची. छापलेल्या फोटोवर पट्टी ठेवून एकीच्या नाकापासून दुसरीच्या नाकापर्यंत मोजलं, तर डावीकडून १८, २२, ३१ आणि १९ मिलिमीटर भरलं. बघणाऱ्याचं बोट लगेच ३१ वर जातं आणि चौथी मुलगी बोलणी खाते. पण बेरीज येते ९०, म्हणजे प्रत्येक फट साडेबावीसची हवी. तसा हिशेब मांडला, की दिसतं, चौथी फक्त साडेतीन मिलिमीटर उजवीकडे सरकलीय. तिसरी पाच आणि दुसरी साडेचार मिलिमीटर डावीकडे आहे. जमिनीवर तिसरीची चूक आठ इंचांची होते. चौथीला एकटीला हलवून ही रांग सुधारणारच नाही!

चेहऱ्यांचं गणित याहून फसवं आहे. मागच्या चौघी फटींच्या बरोबर मध्ये उभ्या आहेत, खडूच्या खुणाही चोख आहेत, तरी फोटोत कडेच्या दोघींचे चेहरे पुढच्यांच्या खांद्याला चिकटलेले दिसतात. लांबची गोष्ट नजरेला मध्याकडे ओढलेली दिसते, म्हणून असं होतं. फोन पुढच्या रांगेपासून वीस फुटांवर आणि मागची रांग त्यामागे चार फुटांवर असेल, तर मध्यापासून साडेचार फुटांवर उभी असलेली मुलगी पावणेचार फुटांवर असल्यासारखी दिसते. म्हणून मागच्या रांगेत दोघींमधलं अंतर तीन फुटांऐवजी साधारण तीन फूट सात इंच ठेवायचं. मग चारही चेहरे फटींच्या मधोमध येतात.

रांग सरळ आहे का, हे मात्र या खुर्चीवरून नीट कळत नाही. एखादी अर्धा फूट मागे राहिली, तरी बसल्या उंचीवरून ते जेमतेम जाणवतं. त्यासाठी एक फोटो गॅलरीतून किंवा जिन्यावरून घ्यावा आणि पावलं फरशीच्या सांध्याशी जुळवून पाहावीत. चेहरे बघायचे खालच्या फोटोत, पावलं वरच्या.

महोत्सवात परीक्षकांची खुर्ची मध्यापासून तीन फूट बाजूला असली, तर मागचे चेहरे फटींत अर्धा फूट त्याच बाजूला सरकलेले दिसतात. झाकले मात्र जात नाहीत.