हरवलेला स्क्रीनशॉट आणि आपली चतुःसीमा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेल्या भाषणावरून)



मला बोलायला सांगितलं ते मानीव अभिहस्तांतरणावर. पण ती सगळी प्रक्रिया सांगत बसलो तर जेवणं थंड होतील. म्हणून त्यातला एकच भाग सांगतो. आपल्या जमिनीचं वर्णन आपण कसं लिहिलं आणि ते लिहिताना थोडक्यात कसे वाचलो, एवढंच. आयुष्यभर भूकरमापक म्हणून साखळी ओढली, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडणं साहजिकच होतं.

आपल्या जुन्या खजिनदारांच्या मोबाइलमध्ये आपल्या प्लॉटचा उपग्रहावरचा एक स्क्रीनशॉट होता. त्यावर त्यांनी बोटाने लाल रेघ मारून हद्द दाखवली होती. कमिटीतल्या सगळ्यांनी तो कधी ना कधी पाहिलेला. मोबाइल बिघडला, चित्र गेलं, दुसऱ्या कुणाकडे ते सापडलं नाही. आणि त्याच सुमारास वकिलांनी दस्तातल्या मिळकतीच्या वर्णनाचा मसुदा पाठवला. त्यात चतुःसीमा अशी होती: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, दक्षिणेस इमारत, उत्तरेस कंपाउंड भिंत.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे ठीक वाटलं. मला मात्र उत्तरेची बाजू खटकली. खजिनदार काका म्हणाले, "अहो, चित्रात उत्तरेला इमारतीला लागून काळा पट्टा होता. तो आपलाच बोळ. शेजाऱ्याने त्यावर शेड टाकली आहे." नोटीस पाठवायचीही भाषा सुरू झाली.

मी तिघांना वेगवेगळं बसवलं आणि प्रत्येकाला आठवेल तसं ते चित्र कागदावर काढायला सांगितलं. एकत्र बसवलं असतं तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच चित्र झालं असतं. तिघांच्या कागदांत तीन गोष्टी जुळल्या: गच्चीवरच्या पाण्याच्या दोन टाक्या, कोपऱ्यावरचा विजेचा डीपी आणि तो काळा पट्टा. तिघांनीही पट्टा इमारतीच्या उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे झुकलेला दाखवला होता. शेडच्या पत्र्याचा थोडा भागही त्यात काळा झालेला होता. जमिनीवरचा बोळ पत्र्यावर चढत नाही, मंडळी! ती आपल्या इमारतीची सावली होती.

अशी चित्रं घेणारे बरेच उपग्रह स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या आसपास डोक्यावरून जातात. डिसेंबरमध्ये आपल्याकडे त्या वेळी सूर्य दक्षिणेला, थोडा पूर्वेकडे असतो. मग सावली उत्तरेला, जरा पश्चिमेकडे पडते आणि तिची लांबी जवळजवळ इमारतीच्या उंचीएवढी भरते. आपली इमारत सुमारे १४ मीटर उंच, म्हणजे सावली १५ मीटरच्या आसपास. तेच चित्र मे महिन्यातलं असतं तर उत्तरेला पट्टा जवळपास दिसलाच नसता. म्हणून पट्टा आठवला की आधी विचारायचं, तो कशा-कशावरून गेला होता? नाला किंवा बोळ जमिनीवरच राहतो. सावली भिंत, पत्रा, गाड्या, सगळ्यावरून जाते.

आणखी एक. उपग्रह तिरका पाहत असेल तर उंच इमारतीची गच्ची पायापासून सरकलेली दिसते. शिवाय चित्र नकाशावर बसवतानाच काही मीटरचा फरक पडू शकतो. तेव्हा बोटाने मारलेल्या रेघेवरून दीड मीटरचा वाद सोडवता येत नाही. चित्र सापडलं असतं तरी आला नसता.

सावली गेली तरी माझी शंका गेली नाही. रविवारी दोन मुलांना घेऊन टेप लावला. गच्चीचा कोपरा सोडून इमारतीच्या पायाच्या कोपऱ्यापासून मापं घेतली. भिंतीच्या आत पूर्व-पश्चिम २७.५ मीटर आणि उत्तर-दक्षिण ३५.३ मीटर भरलं. गुणाकार ९७१ चौरस मीटर. मालमत्ता पत्रकावर आपलं क्षेत्र १०१२. म्हणजे ४१ चौरस मीटर कमी. मंजूर नकाशा काढला, त्यात उत्तरेचं सामासिक अंतर ४.५ मीटर. जागेवर इमारतीपासून भिंतीपर्यंत ३ मीटर. हा दीड मीटर २७.५ ने गुणा, बरोबर ४१ येतात. बाकीच्या तीन बाजूंची अंतरं नकाशाशी जुळली, म्हणून जे कमी पडत होतं ते उत्तरेलाच होतं.

कारण जुन्या सभासदांना आठवलं. बांधकामाच्या वेळी तिथे उघडं गटार वाहत होतं, म्हणून भिंत आत घेतली. पुढे गटार बुजलं, भिंत तशीच राहिली. त्या मसुद्यात "उत्तरेस कंपाउंड भिंत" असं राहिलं असतं तर आपणच आपल्या सहीने ४१ चौरस मीटरवर वाद ओढवून घेतला असता. वर्णनात क्षेत्र एक आणि सीमा दुसरीच सांगत असेल, तर न्यायालयं सहसा स्पष्ट सीमेला जास्त वजन देतात.

मग भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला. लगतच्या धारकांना नोटिसा गेल्या. शेडवाले शेजारी तावातावाने आले. हद्दीच्या खुणा झाल्यावर कळलं, की त्यांची शेड त्यांच्याच जागेत आहे, हद्दीपासून जेमतेम एक फूट आत. नोटीस पाठवली असती तर आपली काय शोभा झाली असती! ते हसले, चहा घेऊन गेले. आणि भिंतीपलीकडचा दीड मीटरचा पट्टा आपला ठरला.

रस्त्याचं जरा वेगळं होतं. मसुद्यात नुसतं "पूर्वेस रस्ता" असं होतं. पण आपल्या गेटसमोरचा ६ मीटरचा रस्ता रेखांकनातला अंतर्गत रस्ता आहे, महापालिकेचा नाही. तो दक्षिणेकडे सुमारे ४० मीटर जाऊन मोठ्या रस्त्याला मिळतो. त्या तुकड्याचं स्वतंत्र पत्रक काढलं, तर अजून मूळ मालकाचं नाव. उपग्रहाच्या चित्रात डांबर दिसतं, मालक दिसत नाही. म्हणून जाण्यायेण्याचा, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन नेण्याचा हक्क दस्तात वेगळा लिहून घ्यायला लावला.

शेवटी उत्तरेची बाजू अशी लिहिली: "उत्तरेस लगतच्या नगर भूमापन क्रमांकाची मिळकत, हद्द मोजणी नकाशातील खुणांप्रमाणे, विद्यमान कंपाउंड भिंतीच्या उत्तरेस १.५ मीटरवर, हद्दीपलीकडे पत्र्याची शेड." क्रमांक दस्तात भरला आहे, इथे वाचत नाही. शेजाऱ्याचं नाव मुद्दाम घातलं नाही, उद्या ते विकून गेले तर? शेडही उद्या जाईल, म्हणून ती फक्त ओळखीपुरती. मोजणी नकाशाची 'क' प्रत दस्ताला जोडली.

पश्चिमेला नाल्याचं नुसतं नाव न घालता त्याच्या कुठल्या काठापर्यंत आपली हद्द तेही लिहिलं आहे, कारण पावसाळ्यात नाला रुंद होतो आणि उन्हाळ्यात आकसतो.

'क' प्रतीच्या झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवल्या आहेत: ऑफिसच्या कपाटात, सेक्रेटरींकडे आणि माझ्याकडे. मोबाइलमध्येही आहे, पण त्यावर माझा भरवसा नाही. हद्दीचे दगड भिंतीपलीकडे, गवतात आहेत. ज्यांना बघायचे असतील त्यांनी येत्या रविवारी आठ वाजता मागच्या गेटपाशी या. पायात बूट घाला, तिथे अजून चिखल आहे.