गिनी 25.5 : एका आकड्यात न मावणारी रेषा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला होता, म्हणून आजचा भाग त्याच्यावरच. (बोललेलं जसंच्या तसं खाली दिलंय, फक्त 'म्हणजे' थोडे कमी केलेत.)

2025 च्या जुलैमध्ये एक बातमी सगळ्यांच्या फोनवर फिरली. उत्पन्नाच्या समानतेत भारत जगात चौथा. आमच्या कारंज्याच्या मित्रांच्या ग्रुपवर ती आली तेव्हा एकाने लगेच विचारलं, "मग आपल्या गावात ही समानता कोणत्या गल्लीत राहते बे?" सगळे हसले. पण प्रश्न बरोबर होता. आणि बातमीतला आकडाही बनावट नव्हता. जागतिक बँकेच्या कागदात भारताचा 2022-23 चा गिनी निर्देशांक 25.5 असा खरंच दिलेला आहे. मग आकडाही खरा आणि मित्राची शंकाही खरी, हे कसं काय?

त्यासाठी आधी रेषा बघावी लागते. आकडा त्या रेषेतून निघतो.

मॅक्स लॉरेन्झ नावाच्या अमेरिकन माणसाने 1905 साली ही रेषा सुचवली. विद्यार्थी होता तेव्हा. कल्पना अशी की गावातल्या सगळ्या घरांना एका रांगेत उभं करायचं, सगळ्यात कमी कमाईवाला पहिला, सगळ्यात जास्तवाला शेवटी. मग आडव्या रेघेवर मोजायचं की रांगेतली किती टक्के घरं आपण ओलांडली, आणि उभ्या रेघेवर मोजायचं की त्या घरांकडे मिळून गावाच्या एकूण कमाईतले किती टक्के आले. सगळ्यांची कमाई सारखी असेल तर 20 टक्के घरांकडे 20 टक्के, 40 कडे 40, अशी सरळ तिरकी रेघ येते. कमाई सारखी नसेल तर रेषा त्या तिरक्या रेघेखाली पोट काढते, झोळीसारखी.

आता या रेषेचा चढ बघायची सवय लावा, त्यातच सगळी मजा आहे. कुठल्याही ठिकाणचा चढ म्हणजे त्या घराची कमाई भागिले गावाची सरासरी. रेषा जिथे जवळजवळ आडवी पडलीये तिथली घरं सरासरीच्या खूप खाली. जिथे ती तिरक्या रेघेला समांतर जाते, तिथे बरोबर सरासरीवाला माणूस उभा आहे. आणि शेवटी ती भिंतीसारखी वर चढली, तर समजायचं की वरच्या मोजक्या घरांकडे बरंच काही आहे.

1912 मध्ये कोर्राडो गिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने या विषमतेसाठी एक माप दिलं. रेषेवर ते असं वाचतात: तिरकी रेघ आणि झोळी यांच्यामधलं क्षेत्रफळ घ्या, तिरक्या रेघेखालच्या पूर्ण त्रिकोणाने भागा. शून्य म्हणजे सगळे सारखे, एकच्या जवळ म्हणजे सगळं एकाकडे. शंभराने गुणलं की 25.5 सारखे आकडे होतात.

आता हातानेच करून बघू. कारंज्यात दोन गल्ल्या आहेत असं समजा. (आकडे माझे आहेत, कोणाचं घर शोधू नका.) दोन्हीकडे पाच-पाच घरं, दोन्हीकडे महिन्याची एकूण कमाई 1 लाख.

पहिल्या गल्लीत एका घराची कमाई 4 हजार, बाकी चौघांची 24-24 हजार. एक म्हातारी बाई एकटी राहते, निराधारांचा पगार आणि थोडीशी निंदणीची मजुरी, असं काहीतरी डोळ्यापुढे आणा. बाकी चार घरं ठीकठाक.

दुसऱ्या गल्लीत चार घरांची कमाई 16-16 हजार, आणि एका घराची 36 हजार. चार मजुरीवाले किंवा दुकानात काम करणारे, एक नोकरीवाला.

पहिल्या गल्लीची रेषा अशी जाते: 20 टक्के घरांवर 4, मग 28, 52, 76, आणि शेवटी 100. दुसरीची: 16, 32, 48, 64, 100. प्रत्येक घर म्हणजे एक उभी पट्टी धरा आणि तिची मधली उंची घ्या. पहिल्या गल्लीत त्या उंच्या 2, 16, 40, 64, 88. बेरीज 210. दुसऱ्या गल्लीत 8, 24, 40, 56, 82. बेरीज पुन्हा 210! पट्टीची रुंदी पाचवा भाग, म्हणून दोन्ही रेषांखालचं क्षेत्रफळ 42 टक्के. त्रिकोण 50 चा, फरक 8, आणि 8 भागिले 50 म्हणजे 0.16. दोन्ही गल्ल्यांचा गिनी एकच. विश्वास बसत नसेल तर फोनवरच चालवून बघा:

```python
def gini(x):
    x = sorted(x)
    n = len(x)
    s = sum((i + 1) * v for i, v in enumerate(x))
    return round(2 * s / (n * sum(x)) - (n + 1) / n, 2)

print(gini([4, 24, 24, 24, 24]))
print(gini([16, 16, 16, 16, 36]))
```

दोन्ही ओळींचं उत्तर 0.16.

कागदावर काढल्यात तर दिसेल की दोन रेषा मध्ये एकमेकींना कापतात. पहिलीची झोळी तळाशी खोल आहे, दुसरीची वरच्या टोकाशी. क्षेत्रफळ काढताना हा 'कुठे' पुसला जातो आणि फक्त 'किती' उरतो. रेषा एकमेकींना कापत नसतील, एक पूर्णपणे दुसरीच्या वर असेल, तर 'इथे विषमता कमी' असं बिनधास्त म्हणता येतं. कापत असतील तर तुम्हाला तळाचं जास्त टोचतं की वरचं, यावर उत्तर ठरतं. गिनी ते तुमच्या वतीने ठरवून टाकतो, आणि विचारतही नाही.

यातली गंभीर गोष्ट अजून पुढे आहे. समजा पहिल्या गल्लीत चारही घरांनी हजार-हजार काढून त्या बाईला दिले. ती 4 वरून 8 हजारांवर गेली. तिची कमाई दुप्पट, घरात औषधं येणार, उधारी सुटणार. गिनी 0.16 वरून 0.12 होतो. आता दुसऱ्या गल्लीत नोकरीवाल्याने 4 हजार काढून चौघांना हजार-हजार वाटले. प्रत्येकजण 16 वरून 17 वर, म्हणजे सहा टक्के वाढ. गिनी? 0.16 वरून 0.12. अगदी तितकाच! जिल्ह्याचा अहवाल लिहिणाऱ्याला दोन्ही योजना सारख्याच यशस्वी दिसतील. म्हणून कोणी गिनी सांगितला की मी पहिलं विचारतो, तळाच्या 40 टक्क्यांचा वाटा किती? पहिल्या गल्लीत 28, दुसऱ्या गल्लीत 32. एका जादा आकड्यात बरंच उघडं पडतं.

हे आपल्याकडच्या लोकांना फार आधी कळलं होतं. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर जो अभ्यास छापला, त्यात ते एका आकड्यावर थांबले नाहीत. लोकसंख्येचे तळापासून वरपर्यंत तुकडे करून प्रत्येक तुकड्याच्या खर्चाचं काय झालं ते त्यांनी मांडलं. तेव्हा दिसलं की 1960 च्या दशकात सरासरी थोडी वाढली तरी शहरातल्या तळाच्या 20 टक्के लोकांचा खर्च उलट घटला होता. लॉरेन्झच्या रेषेचं पहिलं टोक जवळून बघणं म्हणजे हेच.

आता 25.5 कडे परत. वर मी 'कमाई' म्हणत होतो, पण भारताचा हा आकडा कमाईचा नाहीच. तो खर्चाचा आहे. आपल्याकडे घरोघरी जाऊन सरकार जो मोठा सर्व्हे करतं, त्यात घराने काय खाल्लं, काय घेतलं, काय वापरलं हे विचारतात. आणि चौथ्या नंबरच्या त्या यादीतल्या बऱ्याच देशांचे आकडे मात्र उत्पन्नाचे आहेत. म्हणजे एकाची उंची सेंटिमीटरमध्ये, दुसऱ्याची इंचात, आणि नंबर लावले.

हा फरक कारंज्यात बसून जितका कळतो तितका दिल्लीत कळत नसावा. एक पाच एकरवाला घ्या, सोयाबीन लावणारा. बऱ्या वर्षी एकरी 6 क्विंटल धरा, एकूण 30. 2024-25 चा हमीभाव 4,892 होता, पण त्या हंगामात बाजार त्याच्या खाली होता, म्हणून 4 हजाराने धरू. हातात 1 लाख 20 हजार. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, मळणी धरून एकरी 15 हजार खर्च, म्हणजे 75 हजार गेले. उरले 45 हजार, वर्षाचे. आता कापणीच्या वेळी पाऊस आला आणि पीक निम्मं झालं. आले 60 हजार, गेले 75. या घराचं शेतीचं उत्पन्न त्या वर्षी वजा 15 हजार. अशी घरं उत्पन्नाच्या रांगेत पहिली उभी केली की लॉरेन्झची रेषा शून्याच्याही खाली उतरते. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात हे सहसा दाखवत नाहीत.

पण घर तर चालतं ना. बकरी विकली, सावकाराकडून किंवा बचत गटातून उचल घेतली, पुण्यातल्या पोराने पाठवले. महिन्याला 12 हजार खर्च झालाच. सर्व्हेवाला आला की त्याला हे 12 हजार दिसतात. वजा 15 दिसत नाही, कर्जही दिसत नाही. आणि दुसऱ्या टोकाला महिन्याला 3 लाख कमावणारा समजा 80 हजार खर्च करतो. बाकीचे 2 लाख 20 हजार प्लॉटमध्ये, एफडीत. सर्व्हेत तो 80 हजाराचाच माणूस. तळ वर उचलला गेला, टोक खाली दाबलं गेलं, झोळी उथळ झाली.

शिवाय खूप श्रीमंत घरं अशा सर्व्हेत सापडतच नाहीत. गेट उघडत नाही, किंवा मोजकंच सांगतात. त्यामुळे रेषेचा उजवा कोपरा, जिथे ती भिंतीसारखी चढायला हवी, तोच कापलेला राहतो. आयकराचे आकडे जोडून हा कोपरा भरायचा प्रयत्न पॅरिसच्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबने केलाय. त्यांच्या हिशेबाने 2022-23 मध्ये भारतातल्या वरच्या 1 टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातले 22.6 टक्के होते. त्यांचा उत्पन्नाचा गिनी 2023 साठी 62 आहे. त्यांनाही अंदाज जोडावे लागतात, कारण आयकर भरणारे आपल्याकडे मुळातच थोडे, म्हणून 62 वरही वाद आहेत. पण ज्या जागतिक बँकेच्या कागदात 25.5 आहे, त्याच कागदात हा 62 सुद्धा आहे, आणि सर्व्हेच्या मर्यादांमुळे विषमता कमी दिसत असेल असंही तिथेच लिहिलंय. फॉरवर्ड करताना तेवढा भाग गळला.

म्हणून ग्रुपवरच्या त्या मित्राला मी उत्तर दिलं ते असं: 25.5 हा आपण किती खातो-वापरतो त्यातला फरक आहे, आणि तू विचारतोयस ते कोणाकडे किती उरतं याच्याबद्दल. त्याने अंगठा पाठवला, आणि खाली लिहिलं, "मग उरतं त्याचा सर्व्हे कधी?"

पुढच्या भागात तोच विषय घेऊ, संपत्तीची रेषा. जमीन, सोनं, प्लॉट आणि कर्ज. भेटू.