चालत्या धंद्याची किंमत आणि बंद पडणाऱ्या धंद्याची किंमत

मी माहीममधल्या बचत गटांची समन्वयक. आजचा विषय हिशेबाचा आहे, पण आकडे थोडेच आहेत. जवळ कागद-पेन असेल तर घ्या. नसेल तरी नुसतं ऐकून समजेल.

माहीमहून दादरकडे निघालं की शिवसेना भवनासमोर एक उंच टॉवर दिसतो. तिथे पूर्वी कोहिनूर मिल नंबर ३ होती. सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली त्या बंद गिरणीची जागा ४२१ कोटी रुपयांना विकली. गिरणी चालू असताना तिथे सूत, कापड, माग, यंत्रं यांना किंमत होती. बंद झाल्यावर मागांचा भाव भंगाराचा झाला, आणि ज्या जमिनीकडे चालू गिरणीत किंमत म्हणून कुणी बघत नव्हतं, ती जमीनच सगळ्यात महाग ठरली. वस्तू त्याच होत्या, तरी त्यांच्या किमती उलटसुलट झाल्या. हे का होतं, ते आज बघू. आधी आपल्या गटाएवढा छोटा धंदा घेऊ आणि मग गिरणीकडे परत येऊ.

धरा, दहा जणींचा एक गट आहे. मसाल्याचा धंदा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ६०,००० रुपयांचं मिरची कांडप यंत्र घेतलं. यंत्र दहा वर्षं चालेल असा अंदाज धरला, म्हणून दरवर्षी ६,००० रुपये घसारा वजा करतात. तीन वर्षांत १८,००० गेले. वहीत आज यंत्राची किंमत ४२,००० आहे.

आता एखादी म्हणेल, "ताई, हे यंत्र बाजारात नेलं तर ४२,००० कोण देईल?" खरंच आहे, कुणी देणार नाही. मग वही खोटी आहे का? नाही. यंत्र विकायला घेतलेलंच नाही, मसाला कांडायला घेतलं आहे. अजून सात वर्षं ते मसाला कांडणार आहे. राहिलेले ४२,००० म्हणजे पुढच्या सात वर्षांच्या कामावर वाटून टाकायचा खर्च. आज यंत्राला गिऱ्हाईक किती देईल, ते हा आकडा सांगतच नाही.

यात आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे, की धंदा पुढे चालू राहणार आहे. यालाच हिशेबात व्यवसाय सातत्याचं गृहीतक म्हणतात. सनदी लेखापालांच्या तोंडी 'गोइंग कन्सर्न' हा शब्द ऐकाल. हे वहीत वेगळं लिहिलेलं नसतं. चालत्या घरात आपण आजचं दही उद्याच्या विरजणासाठी राखतो, तसं ते न बोलता धरलेलं असतं.

हे गृहीत धरलं नाही तर काय होईल? घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा यंत्र जुन्याच्या भावात जातं. समजा ३०,०००. तो भाव वहीत मांडला तर पहिल्याच वर्षी ३०,००० चा तोटा दिसेल. गट म्हणेल मसाल्यात काही सुटत नाही, किंवा पाकिटाची किंमत वाढवून ठेवेल आणि गिऱ्हाईक जाईल. पुढच्या वर्षी खर्च कमी दिसून नफा फुगेल. म्हणून चालत्या धंद्याला चालत्या धंद्याचाच हिशेब लागतो.

आता या गटाची ३१ मार्चची यादी बघू. यात फक्त धंद्याचा हिशेब आहे. दर महिन्याची बचत वेगळ्या खात्यात आहे असं धरा. यंत्र ४२,०००. मिरची, धणे आणि तयार मसाला मिळून १८,०००. गटाचं नाव छापलेली पाकिटं ९,०००. गाळ्याचं डिपॉझिट २०,०००. दुकानदारांकडून येणे १२,०००. यंत्राच्या देखभालीचे आगाऊ भरलेले ३,०००. हातात आणि बँकेत ६,०००. सगळं मिळून १,१०,००० झाले. देणं असं आहे: बँकेचं कर्ज ५०,००० आणि मिरचीच्या व्यापाऱ्याचे १०,०००. वजा जाता ५०,००० उरतात. दहा जणींच्या वाट्याला कागदावर पाच-पाच हजार येतात.

त्यानंतर दोन महिन्यांनी गट ठरवतो, धंदा बंद करायचा. यादीतल्या वस्तू बदलल्या नाहीत असं धरा. आता प्रत्येक वस्तूला विचारायचा प्रश्न मात्र बदलला. आधी विचारत होतो, "तू आम्हाला अजून किती वर्षं उपयोगी पडशील?" आता विचारायचं, "तुला विकून, खर्च वजा जाता, हातात किती येतील?"

यंत्राला २२,००० मिळतात, पण खोलून टेम्पोने पोचवायला २,००० जातात. म्हणजे २०,०००. मसाला पंधरा दिवसांत एकदम काढायचा म्हणजे घाऊक भाव, ११,०००. छापील पाकिटांवर आपलं नाव आहे, ती दुसऱ्या कुणाच्या कामाची नाहीत. रद्दीत ५०० मिळाले. डिपॉझिटमधून मालक नोटिशीच्या महिन्याचं ४,००० भाडं कापतो, हाती १६,०००. दुकानदारांचं बघा. पुढचा माल हवा असतो म्हणून ते मागचे पैसे देत असतात. माल बंद झाला की चालढकल सुरू होते. १२,००० पैकी ९,००० वसूल झाले असं धरू. आगाऊ भरलेली देखभाल परत मिळत नाही, ती शून्य. रोख ६,००० तशीच. बेरीज झाली ६२,५००.

देणं मात्र एका रुपयानेही कमी झालं नाही. कर्ज ५०,००० तेवढंच आहे, आणि हप्त्याने फेडायचं होतं ते आता एकदम फेडायचं आहे. व्यापाऱ्याचे १०,००० आहेतच. शिवाय मदतीला ठेवलेल्या बाईला काम सोडताना ३,००० द्यायचे ठरले होते. असं ६३,००० देणं. म्हणजे ५०० रुपये कमीच पडतात. कागदावर पाच हजार मिळणार होते, प्रत्यक्षात प्रत्येकीने पदरचे ५० घालायचे.

मैत्रिणींनो, गट फुटतो तो इथे. धंदा बंद व्हायच्या गडबडीत एक सदस्य उठते आणि म्हणते, "मार्चच्या हिशेबात माझे पाच हजार आहेत, ते द्या, मी निघाले." सचिव भिडेपोटी रोख रकमेतून देऊन टाकते. आता ५०० ऐवजी ५,५०० कमी पडतात, आणि ते उरलेल्या नऊ जणींच्या माथी येतात. प्रत्येकीला सहाशेच्या वर. निघून गेलेली खोटं बोलली नव्हती. वहीतला आकडा खरा होता, पण तो चालत्या धंद्याचा होता.

म्हणून बंद करायचं ठरलं की आधी ठराव लिहावा आणि त्यात तारीख घालावी. त्या तारखेपासून वाटा कुणालाच द्यायचा नाही. मग दुसरी यादी करायची. प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने: वहीतली किंमत आणि विकून हातात येणारी रक्कम. दुसरा रकाना अंदाजाने भरू नका, निदान दोन ठिकाणी भाव विचारा. आधी मजुरी आणि देणी भागवायची, उरलं तर वाटायचं.

आता प्रश्न येतो, बंद पडणारा धंदा ओळखायचा कसा? पावसाळ्यात दोन महिने कांडप थांबलं म्हणजे धंदा बंद झाला असं नाही. एक जुनं यंत्र विकलं म्हणजेही नाही. पण कर्जाचे हप्ते थकत आहेत, एकच मोठं गिऱ्हाईक होतं तेही गेलं, कच्चा माल उधार मिळेनासा झाला, असं असेल तर विचारावं: पुढचे बारा महिने आपण देणी देऊ शकू का? कंपन्यांचे लेखापरीक्षकही निदान पुढच्या वर्षभराचाच विचार करतात. नुसती शंका असेल तर किमती बदलत नाहीत. ती शंका हिशेबासोबत स्पष्ट लिहायची, म्हणजे उधार देणाऱ्याला आणि सदस्यांना कळतं. बंद करायचं ठरलंच, किंवा बंद करण्यावाचून दुसरा मार्गच उरला नाही, तेव्हा मात्र हिशेबाची पद्धत बदलावी लागते.

एक तिसरी वाटही असते. वस्तू सुट्या न विकता चालता धंदाच दुसऱ्या गटाला द्यायचा. मग पाकिटं रद्दीत जात नाहीत, दुकानदार पैसे देत राहतात, यंत्र खोलावं लागत नाही. आपल्या देशात कंपनी दिवाळखोरीत निघाली तरी ती चालत्या धंद्याच्या रूपात विकायची सोय कायद्यात ठेवली आहे, ती याचसाठी. सुटं विकण्याआधी शेजारच्या गटाला विचारून बघावं.

आता परत गिरणीकडे येऊ. आपल्या यादीत बंद होताना सगळ्या किमती उतरल्या. जमिनीचं तसं नसतं. जमिनीला घसारा लागत नाही, आणि वहीत ती साधारणपणे घेतली त्याच भावाने पडून असते. गिरणगावातल्या जमिनी फार जुन्या काळी घेतलेल्या. गिरणी चालते तोवर त्या जमिनीच्या बाजारभावाला अर्थ नव्हता, कारण जमीन विकली की गिरणीच संपते. पण १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी कायमची थांबत गेली, आणि गिरणी चालण्यापेक्षा बंद असण्यातच जास्त पैसा दिसू लागला. जो धंदा मोडून जास्त मिळतं, तो चालवायला मालकाला कारण उरत नाही. कामगाराची रोजी मात्र चालत्या गिरणीतच होती.

म्हणून १९९१ साली नियम आला, की गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे: एक पालिकेच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली तो बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. गिरण्यांचा बराच भाग बांधकामाखाली होता, त्यामुळे घरांचा आणि मैदानांचा वाटा खूपच घटला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला.

आपल्या गटाकडे स्वतःची जागा असेल, एखादी शेड, एखादा गाळा, तर वहीत तिची किंमत जुनीच असेल. धंदा परवडत नाही, बंद करू या, असं कुणी फार जोर लावून म्हणू लागलं, तर आधी त्या जागेचा आजचा भाव काढा. दोन्ही रकाने सगळ्या दहा जणींसमोर वाचा, मगच ठरावावर सही करा. बंद झाल्यावर जागा कोणाच्या हाती जाणार आणि पैसा कोणाला मिळणार, हेही त्याच ठरावात लिहा.