कणकेतील ओलावा

कणकेतील ओलावा मोजताना सुमारे 5 ग्रॅम नमुना आधी वाळवून तोललेल्या झाकणाच्या धातूच्या डबीत घेऊन, झाकण काढून, 105 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवतात आणि मग झाकण लावून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणारे द्रव्य तळाशी असलेल्या बंद काचपात्रात, निववतात, कारण गरम डबीभोवती वर चढणारी हवा वजन खोटे कमी दाखवते. वाळवणे, निववणे, तोलणे हा क्रम अर्ध्या-अर्ध्या तासाने पुन्हा केला असता 5.000 ग्रॅमचे 4.412, मग 4.391 आणि शेवटी 4.390 भरले, तर एक मिलिग्रॅमचा हा फरक स्थिर वजन मानला जातो, घट 0.610 ग्रॅम, म्हणजेच ओलावा 12.2 टक्के. गुळाचे वजन मात्र या तापमानाला घटतच राहते, कारण पाणी उडून जाण्याबरोबरच साखरही विघटित होते. त्यासाठी सुमारे 70 अंशांचा निर्वात ओव्हन वापरतात.